चाळीस सेकंदांत स्वतःची ओळख: लोकांना नाव लक्षात राहतं, काम राहत नाही

फेज_न्यूट्रल (लातूर)
मंडळी, एक अडचण मांडतो. आमच्याकडे दर बुधवारी सकाळी साडेसातला व्यावसायिकांची नाश्त्याची मीटिंग असते. पन्नासेक लोक, प्रत्येकाला उभं राहून चाळीस सेकंद. वेळ संपली की घंटी. मी चार महिने झाले जायलोय. माझं बोलणं हे असं असतं, जसंच्या तसं लिहितो:

"नमस्कार, मी अमुक, तमुक इलेक्ट्रिकल्सचा संचालक. गेल्या चौदा वर्षांपासून आम्ही इंडस्ट्रियल, कमर्शियल व रेसिडेन्शियल अशी सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे करतो. पॅनल, केबलिंग, अर्थिंग, मेंटेनन्स. उत्तम दर्जा, माफक दर आणि तत्पर सेवा हे आमचं वैशिष्ट्य. एकदा सेवेची संधी द्या. धन्यवाद."

टाळ्या पडतात. चार महिन्यांत यातून तीन फोन आले. एक पुतणीच्या लग्नातल्या लायटिंगचा. दुसरा इन्व्हर्टरमध्ये पाणी कोणतं टाकायचं असं विचारणारा. तिसऱ्याला मीटर वडिलांच्या नावावरून स्वतःच्या नावावर करायचं होतं. माझं खरं काम डाळमिलच्या पॅनलचं आहे, ते कुणालाच कळलेलं नाही. काय चुकतंय?

बिनपाण्याची_मांजरा
लग्नाचं लायटिंग घेतलं का नाही शेवटी? सीझनमध्ये त्यात डाळमिलपेक्षा जास्त सुटतात, दादा.

फेज_न्यूट्रल (लातूर)
नाही घेतलं. जेवायला गेलो होतो.

ब्रँडवाला_संभाजीनगर
तुमची सुरुवात चुकते. "नमस्कार मी अमुक" म्हणलं की माणूस मोबाइल काढतो. पहिलं वाक्य प्रश्न पाहिजे. "तुम्हाला माहीत आहे का, तुमच्या खिशातून दर महिन्याला पैसे गळतात?" असं. आणि शेवटी यमक जुळणारी एक ओळ, दर आठवड्याला तीच. "जिथे वीज, तिथे आम्ही" टाइप. तीन महिन्यांत सगळी खोली तुमच्याबरोबर म्हणायला लागते. आमच्या ग्रुपमध्ये एकाची ओळ तर पोरंसुद्धा म्हणतात.

सुईदोरा (परभणी)
ब्रँडवाला दादा, त्या ओळीवाल्यांचा धंदा काय आहे, ते सांगता येईल का? ओळ पाठ झाली म्हणजे काम कळलं असं नसतं, म्हणून विचारते.

ब्रँडवाला_संभाजीनगर
विम्याचं काहीतरी. की म्युच्युअल फंड. बघून सांगतो.

सुईदोरा (परभणी)
😄 राहू द्या.

स्पर्धा_परीक्षा_2026
माझाही हाच प्रश्न आहे. इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल सांगा" म्हणलं की मी गाव, शिक्षण, छंद या क्रमाने सांगतो. छंदात वाचन सांगावं का? पॅनल मेंबर पुस्तकाचं नाव विचारतात असं ऐकलंय.

बिनपाण्याची_मांजरा
इथे पॅनल वेगळं आहे भावा. याच्यात कपॅसिटर असतात.

सुईदोरा (परभणी)
फेज_न्यूट्रल दादा, माझं सांगते, कदाचित उपयोग होईल. मी बचत गटाच्या मेळाव्यात उभी राहून म्हणायची, "आम्ही सर्व प्रकारचं लेडीज टेलरिंग करतो." मेळावा संपला की चार जणी ब्लाउज घेऊन दारात. त्यातली एक उसनं कापड आणायची. माझ्याकडे सहा मशिनी, सहा बायका. एकेका ब्लाउजावर ते परवडत नाही. मला पाहिजे होतं दवाखान्यांचं काम, नर्सचे युनिफॉर्म. ते मी करत होते, पण बोलत नव्हते, कारण वाटायचं दवाखान्यांचंच म्हणलं तर बाकीच्या येणार नाहीत.

मग एकदा म्हणून बघितलं: "ज्या दवाखान्यात दहा-पंधरा नर्स आहेत, तिथल्या मुलींच्या युनिफॉर्मची बगल उसवलेली असते आणि वरून सेफ्टीपिन लावलेली असते. पेशंटला उचलताना हात वर जातो, रेडिमेडची बगल तेवढं सहन करत नाही. मी बगलेत वेगळा तुकडा घालून शिवते." एवढंच. त्या दिवशी समोर एकही डॉक्टर नव्हता. पण एका बाईची सून दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिने घरी जाऊन सुनेला विचारलं, "तुमच्याकडच्या पोरी पिना लावतात का गं?" तिथून पहिलं काम आलं. चौदा मुली, प्रत्येकी दोन जोड.

ब्लाउजवाल्या अजूनही येतात हो. त्या काही थांबत नाहीत.

रोलवाले_काका (जालना)
सुईदोराताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय, पण त्यांच्या गोष्टीतलं कामाचं काय ते नीट बघा. दवाखाना हे गिऱ्हाईक सांगितलं म्हणून काम आलं नाही. सेफ्टीपिनीमुळे आलं. ऐकणाऱ्या बाईला टेलरिंगमधलं काही कळत नसलं तरी पिन दिसते.

मी जालन्यात सळईच्या मिलना रोल पुरवण्यात चोवीस वर्षं काढली. असल्या मीटिंगा सुरू झाल्या तेव्हापासून जातोय. तिथे बसलेल्या पन्नास जणांत तुमचं गिऱ्हाईक बहुधा एकही नसतं. फोटोग्राफर, मिठाईवाला, दातांचा डॉक्टर, ट्रॅव्हल्सवाला. हे लोक तुमच्याकडून काही घेणार नाहीत. पण त्यांची ओळख असते. तेव्हा तुमचं बोलणं त्यांच्यासाठी नसून त्यांनी पुढे कुणाला तरी सांगावं म्हणून आहे. मिठाईवाल्याला जे परत सांगता येईल तेवढंच खरं. "उत्तम दर्जा, माफक दर" मिठाईवाला कुणाला सांगणार? तो स्वतःच्या पेढ्याबद्दल तेच म्हणतो.

फेज_न्यूट्रल, तीन गोष्टी लिहा. तुम्हाला सगळ्यात चांगले पैसे कोणत्या कामाचे मिळतात? त्या गिऱ्हाइकाला स्वतःला कळतं का, की त्याला तुमची गरज आहे? आणि तुम्ही पोचायच्या आधी ती गोष्ट कुणाच्या नजरेला पडते?

फेज_न्यूट्रल (लातूर)
काका, पहिल्याचं उत्तर सोपं. डाळमिल, तेलगिरणी, जिनिंग, जिथे एचटी, म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन आहे, तिथलं कपॅसिटर पॅनल. मिलमध्ये सगळ्या मोटारी. ओढलेल्या विजेतली किती खरोखर कामाला लागली, ते प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. तो खाली आला की बिल वाढतं. एप्रिल 2020 पासून एचटीवाल्यांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या एकूण विजेवर निघतं; कामाला लागलेल्या विजेवर, म्हणजे केडब्ल्यूएचवर नाही. आधी पेनल्टी अशी वेगळी ओळ दिसायची, आता ती युनिटमध्येच मिसळून येते, म्हणून कळतच नाही.

दुसरं: नाही कळत. पॅनलमधले कपॅसिटर पॉवर फॅक्टर वर धरून ठेवतात, पण ते उष्णतेने मरतात. डाळमिलमध्ये तर भुशाची धूळ पंख्याच्या जाळीत बसते, पॅनल आतून तापतं, कपॅसिटर फुगतात. मिल मात्र चालूच राहते. मोटार बंद पडली तर मालक रात्री बाराला फोन करतो. कपॅसिटर मेला तर सहा महिने पत्ता नसतो.

मागच्या उन्हाळ्यातली केस सांगतो. महिन्याचे केडब्ल्यूएच 51 हजार, केव्हीएएच 60 हजार. म्हणजे पॉवर फॅक्टर 0.85. बारापैकी सात कपॅसिटर गेलेले. बदलले, जाळी साफ केली, पुढच्या बिलाला 0.99. तेवढ्याच कामाला केव्हीएएच साडेएक्कावन्न हजार. साडेआठ हजार युनिटचा फरक, दर महिन्याचा.

तिसऱ्याचं उत्तर मला येत नाही. मी जाईपर्यंत कुणीच बघत नाही.

मुनीम_नंबर_एक (उदगीर)
बघतात की. आम्ही बघतो.

मी अडतीवर आणि दोन मिलचे हिशोब लिहितो. मालक बिलाची शेवटची रक्कम विचारतो, "किती आलं?" एवढंच. बिल हातात आमच्या असतं. त्यावर ते दोन्ही आकडे छापलेले असतात, वर्षानुवर्षं मी ते बघतोय आणि आज पहिल्यांदा कळलं की ते शेजारी शेजारी ठेवून बघायचे असतात. आमच्या सीए साहेबांकडेही सगळी बिलं जातात. तुमच्या मीटिंगमध्ये सीए आणि टॅक्सवाले असतीलच की.

फेज_न्यूट्रल (लातूर)
चार आहेत! एक तर माझ्या टेबलावरच बसतो. चार महिने आम्ही उपम्यावर बोलायलोय.

रोलवाले_काका (जालना)
मग झालं की. तुमची सेफ्टीपिन म्हणजे ते दोन आकडे. आता लिहा. कागदावर नका लिहू, मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि मग उतरवा. कागदावर लिहिलं की "उपलब्ध करून देतो" यायला लागतं. माझ्या वेगाने चाळीस सेकंदांत ऐंशीच्या आसपास शब्द बसतात. तुम्ही सत्तरवर थांबा. उभं राहिल्यावर माणूस अडखळतो, कुणीतरी उशिरा येऊन खुर्ची ओढतो, त्याला दहा शब्द जातातच.

फेज_न्यूट्रल (लातूर)
पहिला प्रयत्न:

"मी अमुक. एचटी ग्राहकांचा पॉवर फॅक्टर 0.85 वरून 0.99 वर नेतो. एपीएफसी पॅनलचं ऑडिट, कपॅसिटर रिप्लेसमेंट, हार्मोनिक्स स्टडी. वीजबिलात 15 टक्क्यांपर्यंत बचत. डाळमिल, तेलगिरणी, जिनिंगसाठी. संपर्क करा."

सत्तावीस शब्द. छोटं झालं ना?

सुईदोरा (परभणी)
दादा, छोटं झालं, पण मला यातलं "बचत" सोडून काही कळलं नाही. आणि बचत म्हणलं की मी तरी सोलरवालाच समजेन.

कडक_शिस्त (नांदेड)
"15 टक्क्यांपर्यंत बचत" यावर माझा आक्षेप. मी विजेच्याच क्षेत्रात होतो, आता रिटायर. 60 हजाराचे साडेएक्कावन्न झाले, म्हणजे युनिट 14 टक्के कमी, हे बरोबर. पण एचटी बिलात डिमांडचा आकार असतो, इतर आकार असतात; सगळंच युनिटवर चालत नाही. शिवाय ही एका बिघडलेल्या मिलची गोष्ट आहे. ज्याचा पॉवर फॅक्टर आधीच 0.98 आहे त्याचे तुम्ही काय वाचवणार? चहाचे पैसे. चारचौघांत टक्केवारी बोललात की तीच लोकांच्या डोक्यात बसते, आणि काम झाल्यावर मालक म्हणतो "पंधरा म्हणले होते ना?" त्या खोलीत टक्का बोलूच नका. झालेली एक केस सांगा, ती नाकारता येत नाही.

दुसरं, कपॅसिटर जास्त लावले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो, आणि केव्हीएएच त्यातही वाढतो. गावातले काही वायरमन रिले बायपास करून कपॅसिटर कायमचे जोडून देतात. रात्री मिल बंद, कपॅसिटर चालू. हे जमलं तर सांगा.

रोलवाले_काका (जालना)
कडक_शिस्त साहेब, टक्क्याचं शंभर टक्के पटलं. पण रात्रीचे कपॅसिटर चाळीस सेकंदांत नको. ते मालकासमोर बसल्यावर. इथे एकच खुंटी ठोकायची, दुसरी ठोकली की पहिली हलते.

ब्रँडवाला_संभाजीनगर
माझं प्रश्नाचं म्हणणं कुणी घेतलंच नाही. "तुमच्या बिलावर दोन आकडे असतात, बघितलेत का?" अशी सुरुवात करा ना.

मुनीम_नंबर_एक (उदगीर)
हा प्रश्न चालेल की. "खिशातून पैसे गळतात" मध्ये उत्तर माहीत असतं, हा काहीतरी विकणार. इथे खरंच उत्तर येत नाही. पण समोरच्यांची बिलं घरगुती. ते घरी जाऊन स्वतःच्या बिलावर दोन आकडे शोधणार आणि गुरुवारी फेज_न्यूट्रलना पन्नास फोन.

ब्रँडवाला_संभाजीनगर
हां. ते होईल खरं.

फेज_न्यूट्रल (लातूर)
रात्री गाडीत बसून सात वेळा रेकॉर्ड केलं. बायको म्हणाली, घरात बोला, शेजारी बघायलेत. सातवं उतरवतो:

"नमस्कार. मागच्या उन्हाळ्यात एका डाळमिलचं वीजबिल बघितलं. वापरलेले युनिट 51 हजार, आणि पैसे लागले 60 हजार युनिटचे. मीटर बरोबर होतं. पॅनलमधले कपॅसिटर धुळीने तापून फुगले होते, आणि मिल चालू असल्यामुळे कुणाला कळलंच नाही. मोठ्या कनेक्शनच्या डाळमिल, तेलगिरण्या, जिनिंग, यांचं हे काम मी करतो. सीए साहेब, तुमच्या फाइलमध्ये मिलचं बिल असेल तर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच हे दोन आकडे बघा. लांब लांब दिसले, तर मला फक्त फोटो पाठवा. मी अमुक, दोन आकडेवाला."

सत्तर शब्द, अडतीस सेकंद. नाव शेवटी टाकलंय, कारण सुरुवातीला सगळे खुर्चीच सरकवत असतात.

सुईदोरा (परभणी)
आता मलापण सांगता येईल! "मीटर बरोबर होतं" हे फार चांगलं केलंत. नाहीतर लोक म्हणाले असते मीटर पळतंय.

बिनपाण्याची_मांजरा
दोन आकडेवाला म्हणजे मटक्याचा वाटतोय. बघा बुवा.

रोलवाले_काका (जालना)
हसलो, पण मांजरा म्हणतोय त्यात तथ्य आहे. तरी ठेवा, हसून लक्षात राहिलं तर वाईट काय. एक गोष्ट मात्र तपासा: "मागच्या उन्हाळ्यात एका डाळमिलचं" एवढ्यावरून तुमच्या गावात मिल ओळखता येते का? लातुरात मिलवाले एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्या मालकाला एकदा विचारून घ्या. माझ्या बाबतीत एकदा असं झालं, मी फक्त "औद्योगिक वसाहतीतली तिसऱ्या गल्लीतली मिल" म्हणलो. त्या गल्लीत मिल एकच होती. दोन वर्षं ऑर्डर नाही.

आणि घरी एक चाचणी घ्या. विजेतलं काही न कळणाऱ्याला एकदा ऐकवा, मध्ये जेवण होऊ द्या, मग विचारा, "मी काय करतो, कुणासाठी?" "छान होतं" हे उत्तर धरू नका.

फेज_न्यूट्रल (लातूर)
मालकाला विचारलं. म्हणाले सांगा, फक्त उन्हाळा काढा. काढला. चाचणी सासूबाईंवर घेतली. जेवणानंतर म्हणाल्या, "मिलमध्ये काहीतरी फुगतं, मुनिमाला दिसतं, तुम्ही बदलता."

मुनीम_नंबर_एक (उदगीर)
सासूबाईंनाच उभं करा बुधवारी.

तुळजाई_एंटरप्रायझेस
माझं मत वेगळं आहे. लातूर-नांदेड म्हणजे काही मुंबई नाही. इथे एकाच कामाचा शिक्का बसला की माणूस उपाशी मरतो. मी पंप, मोटार, पाइप, ठिबक सगळं ठेवतो आणि सगळंच सांगतो. शेतकऱ्याला एका दुकानात सगळं पाहिजे असतं. ह्यांच्या मिल किती असतील जिल्ह्यात? त्या संपल्या की?

सुईदोरा (परभणी)
दुकानाचं वेगळं असतं ना दादा. दुकान रस्त्यावर दिसतं. आमचं काम दिसत नाही.

तुळजाई_एंटरप्रायझेस
तरीही. माझ्या ओळखीच्या एका पोराने फक्त ग्रीनहाऊसचं काम धरलं, दोन वर्षं बरं चाललं, मग अनुदान अडकलं आणि पोरगा घरी. लोक म्हणायचे "तो ग्रीनहाऊसवाला", दुसरं काम कुणी देईना.

रोलवाले_काका (जालना)
याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. सळईचा बाजार पडला तेव्हा मीही बसून होतो. एवढंच म्हणेन, बोर्डावर सगळं लिहा, तोंडाने एक सांगा. आणि ते एक दर तीन-चार महिन्यांनी बदलता येतं.

तुळजाई_एंटरप्रायझेस
बदललं की परत लक्षात कसं राहणार?

फेज_न्यूट्रल (लातूर)
बुधवार झाला. खरं ते सांगतो.

सुरुवात बरी झाली. "60 हजार युनिटचे" म्हणल्यावर पलीकडच्या टेबलावरचे दोघे वर बघायला लागले. मग मी "केडब्ल्यूएच" वर अडखळलो, दोनदा म्हणलो, आणि "फोटो पाठवा" म्हणायच्या आत घंटी. नाव राहिलंच. म्हणजे चार महिने फक्त नाव लक्षात राहायचं, आज तेच सांगितलं नाही.

पण नाश्त्याच्या वेळी उपम्यावाले सीए आले. मोबाइलवर बिल उघडलं, एका तेलगिरणीचं. दोन आकडे बघितले: जवळजवळ सारखेच. पॉवर फॅक्टर 0.99. माझं तिथे काही काम नव्हतं, तसं सांगितलं. पण बिल का फुगलं ते दिसत होतं, गिरणीने नवीन एक्स्पेलर बसवला आणि मंजूर डिमांड वाढवूनच घेतली नाही, दर महिन्याला जादा डिमांडचा दंड. तो अर्ज करायला सांगितलं. पैसे काही मागितले नाहीत. त्यांनी दुपारी आणखी तीन बिलं पाठवली. त्यातल्या एका जिनिंगचा पॉवर फॅक्टर 0.88 आहे, शनिवारी बघायला चाललोय.

कडक_शिस्त (नांदेड)
जिनिंगचं बिल कोणत्या महिन्याचं आहे ते बघा. सीझन नसताना नुसता ट्रान्सफॉर्मर आणि चार दिवे चालू असतील तर 0.88 येऊ शकतो, कपॅसिटर ठणठणीत असले तरी. सीझनमधलं बिल मागवा, मग जा.

फेज_न्यूट्रल (लातूर)
साहेब, ऑगस्टचं आहे. 😐 डिसेंबरचं मागवतो.

रोलवाले_काका (जालना)
घंटीसाठी: मागणी आधी, केस नंतर, असं एकदा करून बघा. आणि केडब्ल्यूएच, केव्हीएएच म्हणूच नका. बिलाची झेरॉक्स करून त्या दोन आकड्यांना लाल पेनने गोल करा आणि हातात धरा.

सुईदोरा (परभणी)
मी उसवलेला युनिफॉर्मच नेते पिशवीत. पिनेसकट.

ब्रँडवाला_संभाजीनगर
त्या ओळीवाल्याला विचारलं. विमा नाही, मालवाहतूक करतो म्हणे. मी दोन वर्षं त्याच्या शेजारी बसतोय.

फेज_न्यूट्रल (लातूर)
जाता जाता सांगायचं राहिलं. मीटिंग संपल्यावर एकजण मागून आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज लई भारी बोललात. आमच्याकडे बारसं आहे पंधरा तारखेला, माळा किती लागतील?"